मुलाच्या ग्लुकोज सेन्सरचा क्लेम नाकारला? फेरविचाराच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल वाढून, दवाखान्यात दाखल झालं आणि तेव्हाच मधुमेह कळला. दाखल असतानाचा क्लेम विनातक्रार मिळाला. घरी आल्यावर दंडावर लावलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरची, म्हणजे CGM ची, बिलं पाठवली, तर ती 'नॉन-पेएबल' म्हणून परत आली. इथली उत्तरं मुख्यतः याच परिस्थितीसाठी, भारतातल्या आरोग्य विम्यासाठी आहेत. वेगळी परिस्थिती असेल तर प्रश्न ९ पासून पुढे पाहा.

१. दाखल नसताना घेतलेल्या सेन्सरचे पैसे मुळात विम्यातून मिळतात का?

सरसकट मिळत नाहीत. साधी पॉलिसी दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च देते. घरी चालणारं मधुमेहाचं रोजचं व्यवस्थापन तिच्यात बसत नाही. पण जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन' नावाचं कलम असतं. घरी सोडल्यानंतर ठरावीक दिवस, कुठे ६०, कुठे ९०, कुठे त्याहून जास्त, त्याच आजारासाठी झालेला वैद्यकीय खर्च कंपनीने द्यायचा असतो. अट दोनच गोष्टींची असते. ज्या आजारासाठी दाखल केलं त्याच आजाराचा खर्च हवा, आणि दाखल असतानाचा मूळ क्लेम मान्य झालेला हवा.

नव्याने निदान झालेल्या मुलाला सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने याच खिडकीत येतात. म्हणून हे पत्र त्या खिडकीतल्या सेन्सरपुरतं लिहायचं. "मुलाला आयुष्यभर सेन्सर लागणार, तो तुम्ही द्यावा" अशी मागणी केली तर मान्य होण्याजोगा भागही तिच्यासोबत वाहून जातो.

मूळ क्लेमच नाकारला गेला असेल तर आधी तो लढवा. तो मान्य झाल्याशिवाय नंतरच्या खर्चाला आधार नाही.

२. नकाराच्या ईमेलमध्ये फक्त "CGM not payable as per policy terms" लिहिलंय. यावर काय उत्तर देणार?

आत्ता काहीच देऊ नका. आधी कारण मागा. विमा नियामकाच्या २०२४ च्या आरोग्य विमा मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम नाकारताना कंपनीने पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला देऊन कारण कळवायचं असतं. शिवाय कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. म्हणून दोन ओळींचं ईमेल पाठवा: कोणत्या कलमाखाली नाकारलं ते कलम क्रमांकासह कळवा, आणि कमिटीची मंजुरी कोणत्या तारखेची आहे तेही सांगा.

हे ईमेल पाठवायला लोक कंटाळतात आणि थेट तीन पानी भावनिक पत्र लिहितात. कलमच माहीत नसेल तर ते पत्र हवेतच जातं. सहसा पुढच्यापैकी एक कारण येतं: 'एक्स्टर्नल/ड्युरेबल इक्विपमेंट' (प्रश्न ४), यादीतली नॉन-पेएबल वस्तू (प्रश्न ५), वैद्यकीय गरज नाही (प्रश्न ६), डॉक्टरांची चिठ्ठी नाही (प्रश्न ८), किंवा मुदतीबाहेरचं बिल (प्रश्न ९).

३. पत्र कुणाच्या नावाने आणि कुणी लिहायचं? टीपीएला पाठवलं तर चालेल?

पत्र विमा कंपनीच्या ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसरला लिहा, टीपीएला फक्त प्रत द्या. टीपीए ही क्लेम हाताळायला कंपनीने नेमलेली संस्था. ती कागद तपासते आणि शिफारस करते. क्लेम नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीचा असतो. फोनवर "आमच्याकडून रिजेक्ट झालंय" असं टीपीए सांगते तेव्हाही निर्णयाचं पत्र कंपनीकडून मागा.

ग्रीव्हन्स ऑफिसरचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर आणि कंपनीच्या साइटवर असतो. सही प्रपोजरची हवी, म्हणजे ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याची. मूल फ्लोटरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, असतं, पण तक्रारदार ते नसतं. पॉलिसी वडिलांच्या नावावर आणि पत्र आईच्या सहीचं, एवढ्यावरून दोन आठवडे वाया गेल्याचं पाहिलंय.

पाठवल्यावर तक्रार क्रमांक मिळाला का ते बघा. फक्त 'आपलं ईमेल मिळालं' असं आपोआप आलेलं उत्तर म्हणजे तक्रार नोंदली गेली असं नाही. क्रमांक नाही आला तर तीच तक्रार नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. तिथून ती कंपनीकडेच जाते, पण आता तिच्यावर नोंद असते.

४. "सेन्सर हे एक्स्टर्नल ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट आहे" असं म्हणून नाकारलं. हे खोडता येतं का?

बहुतेक वेळा लढाई इथेच होते, आणि निकाल एका छोट्या जोडशब्दावर फिरतो. तुमच्या पॉलिसीतलं ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं काढून समोर ठेवा.

वाक्यात 'external durable' असे दोन्ही शब्द सलग असतील तर वस्तू बाहेरचीही हवी आणि टिकाऊही हवी. सेन्सर टिकाऊ नाही. तो १४ दिवस चालतो (काही बनावटींचा १० दिवस), मग स्वतःहून बंद पडतो, काढून टाकावा लागतो आणि परत लावता येत नाही. त्याचा बारीक तंतू कातडीखाली असतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. ड्युरेबल इक्विपमेंट म्हणजे व्हीलचेअर, सीपॅप मशीन, वर्षानुवर्षं चालणारं ग्लुकोमीटर यंत्र. सेन्सर इंजेक्शनच्या सुईसारखा, एकदा वापरून टाकायचा. पत्रात हे दोन वाक्यांत मांडा आणि सेन्सरच्या खोक्यावरचा किंवा माहितीपत्रकावरचा 'single use' आणि वापराचे दिवस लिहिलेला भाग फोटो काढून जोडा. निर्माता स्वतः सांगतोय म्हटल्यावर वाद संपतो.

वाक्यात 'external and/or durable' असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, कारण नुसतं 'external' असणंही कंपनीला पुरतं. तंतू कातडीखाली असतो असं म्हणता येतं, पण फक्त त्यावर भिस्त ठेवू नका. अशा वेळी दुसरा मुद्दा पुढे घ्या: वगळणुकीच्या कलमात संदिग्धता असेल तर तिचा अर्थ ते कलम लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात लावायचा, आणि वगळणूक लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. विम्याच्या वादांत न्यायालयं हे तत्त्व पूर्वीपासून वापरत आली आहेत. कलमात ग्लुकोमीटर, सीपॅप अशी नावं दिलेली असतील आणि सेन्सरचं नसेल, तर हेच तत्त्व तुमच्या बाजूने येतं. सेन्सरचं नाव स्पष्ट लिहून वगळलेलं असेल तर मात्र पत्राची आशा फारच कमी आहे. ते मान्य करून वेळ वाचवलेला बरा.

५. "नॉन-पेएबल आयटम्सच्या यादीत आहे" म्हणाले. ती यादी कुठे असते?

बहुतेक पॉलिसींच्या मागे चार याद्या जोडलेल्या असतात. पहिल्या यादीतल्या वस्तू पॉलिसीत मिळतच नाहीत. डायपर, थर्मामीटर, नेब्युलायझर किट असं त्यात असतं. दुसरी यादी खोलीच्या भाड्यात, तिसरी शस्त्रक्रियेच्या खर्चात आणि चौथी उपचाराच्या खर्चात सामावून घ्यायच्या वस्तूंची असते. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या या चौथ्या यादीत आहेत, पहिल्यात नाहीत. म्हणजे साखर मोजणं उपचाराचाच भाग मानलं गेलंय.

तुमच्या पॉलिसीतली पहिली यादी ओळ न् ओळ वाचा. सेन्सर तिथे नसेल तर पत्रात एवढंच लिहा: "आपण उल्लेख केलेल्या यादीत ही वस्तू नाही, असल्यास अनुक्रमांक कळवावा." चौथ्या यादीचा मुद्दा पूरक म्हणून वापरा, मुख्य म्हणून नको. त्या याद्या दवाखान्याच्या बिलासाठी केलेल्या आहेत, आणि घरच्या खर्चाला त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत असं कंपनी म्हणू शकते.

६. "बोट टोचून साखर बघता येत असताना सेन्सरची वैद्यकीय गरज नाही" याला काय म्हणायचं?

पॉलिसीच्या सुरुवातीला व्याख्या असतात, त्यांत 'मेडिकली नेसेसरी ट्रीटमेंट' शोधा. ही व्याख्या सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखी आहे आणि तिला चार पाय आहेत: आजाराच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असावं, सुरक्षित आणि पुरेशा उपचारापेक्षा जास्तीचं नसावं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं, आणि भारतातल्या किंवा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय जगात मान्य पद्धतीला धरून असावं. पत्राचा हा भाग या चार पायांवरच उभा करा, त्याच क्रमाने. वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच चौकटीत शेरा लिहायचा असतो.

चौथा पाय सगळ्यात सोपा आहे. मुलांच्या मधुमेहासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था इस्पॅड हिच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टाइप १ असलेल्या मुलांना निदानानंतर शक्य तितक्या लवकर सेन्सर सुरू करण्याची शिफारस आहे. ते पान जोडा.

दुसरा पाय अवघड, आणि कंपनीचा बोट टोचण्याचा आक्षेप तिथेच येतो. उत्तर मुलाच्या नोंदवहीतून द्यायचं. बोट टोचलं की त्या क्षणाची साखर कळते, ती वर चाललीय की खाली हे कळत नाही. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान मूल झोपलेलं असतं. लहान मुलाला साखर उतरत असल्याची जाणीव होतेच असं नाही, झाली तरी ते सांगू शकेलच असं नाही. दवाखान्यातून सोडल्यानंतर इन्सुलिनचा डोस अजून बसलेला नसतो, त्यामुळे हाच काळ जास्त जोखमीचा. पण हे सगळं सर्वसाधारण झालं. पत्रात हवं ते तुमच्या मुलाचं: अमुक तारखेला रात्री अडीचला ४८, तमुक तारखेला पहाटे ६१. वहीच्या पानाचा फोटो शब्दांपेक्षा भारी पडतो.

७. एखादं उदाहरण घेऊन पूर्ण पत्र दाखवाल का?

दाखवते. उदाहरण रचलेलं आहे, पण खऱ्या प्रकरणांच्या वळणाचंच. नाशिकमधली नऊ वर्षांची मुलगी, वडिलांच्या नावावर फ्लोटर पॉलिसी, सोडल्यानंतर ६० दिवसांचं संरक्षण. ११ जूनला दाखल केलं तेव्हा साखर ४८६, रक्ताचा पीएच ७.०८, म्हणजे तीव्र कीटोअ‍ॅसिडोसिस. १६ जूनला घरी सोडलं. साठावा दिवस १५ ऑगस्ट. डिस्चार्ज कार्डवर दिवसातून सहा वेळा साखर तपासा असं लिहिलेलं होतं, सेन्सरचा उल्लेख नव्हता. पुढच्या आठ दिवसांत रात्रीची साखर तीनदा ७० च्या खाली गेली. २४ जूनच्या फेरतपासणीत डॉक्टरांनी वही बघून सेन्सर लिहून दिला. सेन्सर २५ जून, ९ जुलै, २३ जुलै आणि ६ ऑगस्टला लावले. पाचवा १८ ऑगस्टला विकत घेतला. प्रत्येकी ५,००० प्रमाणे २५,००० रुपयांचा क्लेम केला आणि 'एक्स्टर्नल ड्युरेबल' म्हणून नाकारला गेला.

पत्र असं:

> प्रति, ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसर
>
> विषय: क्लेम क्र. ____, पॉलिसी क्र. ____, पोस्ट-हॉस्पिटलायझेशन खर्च नाकारल्याबाबत फेरविचाराची विनंती
>
> महोदय/महोदया,
>
> माझी मुलगी (वय ९) ११ ते १६ जून या काळात डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिससाठी दाखल होती. तो क्लेम आपण मान्य केला आहे. त्यानंतर घेतलेल्या ग्लुकोज सेन्सरचा क्लेम आपण दि. ____ च्या पत्राने कलम ____ खाली नाकारला. तो निर्णय पुढील कारणांनी बदलावा ही विनंती.
>
> १. खर्च त्याच आजाराचा आणि मुदतीतला आहे. मुलीला ज्या टाइप १ मधुमेहामुळे कीटोअ‍ॅसिडोसिस झाला, त्याच्याच उपचारासाठी सेन्सर घेतले. त्यांतील चार १५ ऑगस्टपूर्वी, म्हणजे ६० दिवसांच्या आत खरेदी केले (जोडपत्र १: बिलं). पाचव्या सेन्सरचं १८ ऑगस्टचं बिल मुदतीबाहेरचं असल्याने ते मी मागे घेतो.
>
> २. आपण उल्लेख केलेलं कलम लागू होत नाही. कलमात बाहेरची आणि टिकाऊ उपकरणं वगळली आहेत. हा सेन्सर एकदाच वापरायचा असून १४ दिवसांनी निकामी होतो (जोडपत्र २: निर्मात्याचं माहितीपत्रक). वगळलेल्या वस्तूंच्या यादीतही त्याचा उल्लेख नाही.
>
> ३. उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होता. दवाखान्यातून सोडल्यानंतर १९, २१ आणि २२ जूनच्या रात्री साखर अनुक्रमे ६४, ४८ आणि ५९ होती (जोडपत्र ३: नोंदवही). या नोंदी पाहून डॉक्टरांनी २४ जूनला सेन्सर लिहून दिला (जोडपत्र ४: चिठ्ठी). सेन्सरच्या आलेखावरून इन्सुलिनचा रात्रीचा डोस कमी केला. ७० च्या खालचा वेळ पहिल्या पंधरवड्यात ९ टक्के होता, तो चौथ्या पंधरवड्यात ३ टक्क्यांवर आला (जोडपत्र ५: सेन्सरचे अहवाल, डॉक्टरांचं प्रमाणपत्र). हा उपचार इस्पॅडच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून आहे (जोडपत्र ६).
>
> चार सेन्सरचे २०,००० रुपये मंजूर करावेत. विनंती अमान्य असल्यास पॉलिसीतील नेमकं कलम आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीचा निर्णय लेखी कळवावा.
>
> आपला, (प्रपोजरची सही)

दोन गोष्टी लक्षात घ्या. पाचवं बिल आपण होऊन मागे घेतलंय. मुदतीबाहेरचं बिल तसंच ठेवलं की तपासणारा त्यावर बोट ठेवतो आणि बाकीच्या चारांकडे संशयाने बघतो. दुसरं म्हणजे सेन्सरने काय बदललं हे पत्रात आहे: डोस कमी झाला, साखर उतरण्याचा वेळ घटला. 'मुलीला टोचून घ्यायला त्रास होतो' हे खरं असलं तरी पत्रात घातलेलं नाही. ते वाचणाऱ्याला सोयीचं कारण वाटतं, गरजेचं नाही.

९ टक्के, ३ टक्के वगैरे आकडे कुठून आणायचे असं बरेच विचारतात. सेन्सरच्या अ‍ॅपमधल्या 'एजीपी' अहवालात ते तयार असतात. मान्य उद्दिष्ट साधारण असं: ७० ते १८० च्या मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. तुमच्या मुलाचे आकडे याच्याशी ताडून लिहिले की पत्र आपोआप तांत्रिक होतं.

८. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डवर सेन्सर लिहिलाच नव्हता. आता लिहून घेऊ का?

जुन्या तारखेने काहीही लिहून घेऊ नका. दवाखान्याच्या मूळ नोंदीशी ते जुळलं नाही तर फसवणुकीचा ठपका येतो आणि पॉलिसीच धोक्यात येते. करायचं ते असं: आजच्या तारखेचं प्रमाणपत्र घ्या, त्यात डॉक्टरांनी लिहावं की अमुक तारखेच्या फेरतपासणीत या कारणांसाठी सेन्सर सुरू करायला सांगितला होता. फेरतपासणीच्या चिठ्ठीवर तोडका उल्लेख असला तरी तोच आधार.

"For better sugar control, CGM advised" एवढं लिहिलेलं प्रमाणपत्र फार उपयोगाचं नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी लिहायला सांगा: कोणत्या दिवशी साखर किती उतरली, बोट टोचून ते का पकडता येत नव्हतं, आणि सेन्सरच्या माहितीवरून उपचारात काय बदल केला. गर्दीच्या ओपीडीत त्यांना वेळ नसतो. वहीचं पान आणि एजीपी अहवाल समोर ठेवलात तर पाच मिनिटांत लिहून मिळतं.

कंपनी कधीकधी प्रमाणित वगळणूक क्र. १४ काढते, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारे पूरक आहार व पदार्थ. सेन्सर पूरक आहार नाही, आणि दाखल झालेल्या आजाराच्या क्लेमचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं त्या कलमातूनच बाहेर राहतं. चिठ्ठीची तारीख बिलाच्या आधीची असणं म्हणून महत्त्वाचं.

९. बिल ६० दिवसांच्या आतलं, पण सेन्सर त्यानंतरही चालू राहिला. आणि तीन एकदम घेतले असतील तर?

कलमात खर्च कधी झाला हे बघितलं जातं. प्रश्न ७ मधला चौथा सेन्सर ४ ऑगस्टला घेतला, ६ ला लावला आणि २० पर्यंत चालला. खर्च ४ ऑगस्टलाच झाला, म्हणून तो पूर्ण मागावा. कंपनीने दिवस मोजून काही रक्कम कापली तर त्यासाठी मोठी लढाई करण्यात अर्थ नाही.

शेवटच्या आठवड्यात सहा सेन्सर एकदम विकत घेऊन मुदतीत बसवायचा विचार मात्र सोडा. व्याख्येत 'आवश्यक आणि प्रत्यक्ष झालेला खर्च' असे शब्द असतात. साठा करणं आवश्यक खर्चात बसत नाही, आणि अशा बिलामुळे खरे सेन्सरही अडकतात.

१०. रीडर आणि ट्रान्समीटर मागावेत का?

त्याच अर्जात नको. रीडर वर्षानुवर्षं चालतो, काही बनावटींचा वेगळा ट्रान्समीटर काही महिने चालतो. 'टिकाऊ नाही' हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांना लागू होत नाही, आणि एकाच अर्जात ठेवले तर सेन्सरच्या बाबतीतही तो पातळ होतो. मोबाइल अ‍ॅपवर भागत असेल तर रीडरचा विषयच नको.

११. मूल दाखल झालंच नव्हतं, किंवा मुदत कधीच संपली. पत्र लिहून उपयोग?

दाखल झालंच नसेल आणि पॉलिसीत ओपीडीचं संरक्षण नसेल तर उपयोग नाही. ओपीडीचं असेल तर प्रश्न ४ ते ६ मधले मुद्दे चालतात, फक्त 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन'ऐवजी ओपीडी कलमाचा आधार द्यायचा आणि त्याची वार्षिक मर्यादा बघायची.

कागद उशिरा पाठवले म्हणून नकार आला असेल तर ती गोष्ट निराळी. उशिराला खरं कारण असेल तर निव्वळ मुदत उलटली म्हणून क्लेम नाकारू नये, असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलंय. मुलाला पुन्हा दाखल करावं लागलं होतं, असं काही असेल तर त्याचा कागद जोडा.

१२. मधुमेह पॉलिसी घेण्याआधीपासून होता. आता दाखल झालं, पुढचे सेन्सर मागता येतील?

आधीचा आजार पॉलिसीत जाहीर केलेला असेल आणि त्याचा प्रतीक्षाकाळ संपला असेल तर हो, वरचीच पद्धत. प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो. तो चालू असेल तर मूळ क्लेमच मान्य होणार नाही. आजार जाहीर केला नसेल तर पत्र लिहिण्याआधी जाणकाराला भेटा, कारण पत्रातला प्रत्येक कागद कंपनी जुन्या तारखांसाठी वाचेल.

एक वेगळा आक्षेप मात्र ऐकायला मिळतो: "दाखल कीटोअ‍ॅसिडोसिससाठी केलं, सेन्सर मधुमेहासाठी आहे, म्हणजे आजार वेगळा." कीटोअ‍ॅसिडोसिस इन्सुलिनच्या अभावाने होतो, तो टाइप १ मधुमेहाचाच एक आविष्कार आहे. डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या रकान्यात दोन्ही लिहिलेलं असतं. ती ओळ अधोरेखित करून जोडा.

१३. पॉलिसी नोकरीतून मिळालेली आहे. एचआर म्हणतं, आम्हीच बघतो.

बघू द्या, पण लेखी अर्ज स्वतःच्या नावानेही पाठवा. एचआरच्या ईमेलने झालेली विनवणी पुढे तक्रारीचा पुरावा म्हणून कमी पडू शकते. ग्रुप पॉलिसीत एक फायदाही असतो: कंपनीने विमा कंपनीशी केलेल्या करारात सेन्सर किंवा ओपीडीबद्दल खास तरतूद असू शकते, जी तुमच्या हातातल्या माहितीपत्रकात नसते. एचआरकडून मूळ अटींची प्रत मागा.

१४. उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा नाही म्हणाले. आता?

कंपनीने लेखी अर्ज फेटाळला, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपालांकडे जाता येतं. त्या दिवसापासून एक वर्षाची मुदत असते. फी नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात. तक्रार cioins.co.in वर करता येते. तुमचा पत्ता कोणत्या लोकपाल कार्यालयाखाली येतो तेही तिथेच बघा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत आणि क्षेत्रांची वाटणी अंदाजाने धरू नये.

लोकपालांकडे पाठवताना नवं काही रचू नका. कंपनीला पाठवलेलं तेच पत्र, तीच जोडपत्रं आणि कंपनीचं उत्तर द्यायचं. पहिलं पत्र नीट लिहायला सांगते ते यासाठीच. सुनावणीत पाच-दहा मिनिटं मिळतात. बोलायचा क्रम पत्रातल्या तीन मुद्द्यांचाच. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तिने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये दंड बसतो. तुमच्यावर मात्र तो बंधनकारक नाही, पटला नाही तर ग्राहक आयोग उघडा आहे.

१५. मग थेट ग्राहक आयोगातच का जाऊ नये?

जाता येतं, दोन वर्षांच्या आत. पण आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. वीस हजारांच्या वादासाठी माझा सल्ला लोकपालांचाच. लोकपालांचा मार्ग साधा आहे आणि सगळे कागद मिळाल्यावर तीन महिन्यांत निकाल देण्याची त्यांना मुदत असते.

१६. पत्र मराठीत लिहिलं तर चालेल?

चालतं, पण कंपनीकडचं पत्र बहुधा दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात वाचलं जातं, म्हणून पाठवताना इंग्रजीत पाठवणं सोयीचं. विचार मराठीत करा, वरचा आराखडा मराठीत भरा, मग भाषांतर करून घ्या. पॉलिसीतली वाक्यं मात्र छापील इंग्रजीतच, स्वल्पविरामासकट उतरवा. प्रश्न ४ मधल्या 'and/or' सारखी गोष्ट भाषांतरात हरवते.

१७. अर्धे पैसे द्यायला तयार आहेत, पण 'फुल अँड फायनल' वर सही मागतात.

सही करण्याआधी लेखी विचारा की कोणत्या सेन्सरचे पैसे दिले आणि कोणते कापले. वादात नसलेली रक्कम स्वीकारत आहे, उरलेल्या रकमेबाबतचा हक्क राखून, असं ईमेलने कळवून पैसे घेता येतात. कंपनी सहीशिवाय देत नसेल तर हिशेब करा. चारपैकी तीन सेन्सरचे पैसे मिळत असतील तर सही करून मोकळं व्हावं. एकाचेच मिळत असतील तर प्रश्न १४ कडे वळा.